पाटीवरचे आकडे आणि पेपरातला ट्रान्सफॉर्मर

विद्युत अभियांत्रिकीच्या पेपरात ट्रान्सफॉर्मरचा प्रश्न पुष्कळदा एकाच ओळीचा असतो आणि सगळी माहिती त्याखालच्या आकृतीत असते. दोन वाइंडिंगची रेखाकृती, त्यांच्या बाजूला ११००० आणि ४३३ हे व्होल्टेजचे आकडे, एक छोटा त्रिकोण, एक इंग्रजी वाय अक्षरासारखी खूण आणि खाली वॅटमीटरची वाचने. 'वेढ्यांचे गुणोत्तर, हानी आणि कार्यक्षमता काढा' एवढेच विचारलेले असते. बहुतेक विद्यार्थी ११००० ला ४३३ ने भागतात आणि २५.४ हे उत्तर लिहून पुढे जातात. उत्तरसूचीत मात्र ४४ असते. भागाकार बरोबर, आकडे बरोबर, तरी उत्तर चूक. असे होते, कारण आकृतीतला प्रत्येक आकडा एका ठरावीक जागेचा असतो: लाइनचा की फेजचा, उच्चदाबाच्या बाजूचा की लघुदाबाच्या, पूर्ण भारावरचा की अर्ध्या भारावरचा. जागा न पाहता आकडा उचलला की सूत्र पाठ असूनही उत्तर हातचे जाते.

ही आकृती काल्पनिक नाही. भंडारा जिल्ह्यातल्या पवनी तालुक्यात धानाच्या बांध्यांच्या कडेला दोन खांबांवर बसवलेला ट्रान्सफॉर्मर जागोजागी दिसतो. गावात त्याला डीपी म्हणतात, महावितरणच्या कागदांत तोच रोहित्र असतो. वैनगंगेच्या काठचा आणि गोसीखुर्द धरणाच्या परिसरातला हा मुलूख धानाचा आहे. नदी, नाला, विहीर किंवा बोअर यांतून पाणी उचलणारे तीन आणि पाच अश्वशक्तीचे पंप अशाच डीपीवर चालतात. टाकीवर रिव्हेट केलेली धातूची पाटी वाचली, तर पेपरातली आकृती तिच्यावरूनच उतरवल्यासारखी वाटते. पुढचा सगळा हिशेब अशाच एका १०० केव्हीए ट्रान्सफॉर्मरवर केला आहे. त्याच्या हानीचे आकडे जुन्या घडणीच्या यंत्रांसाठी देशात दीर्घकाळ रूढ असलेले आहेत.

चौकट: उदाहरणातला ट्रान्सफॉर्मर
- क्षमता: १०० केव्हीए, तीन फेज, ५० हर्ट्झ
- व्होल्टेज: ११००० / ४३३
- जोडणी: उच्चदाब बाजू डेल्टा, लघुदाब बाजू स्टार
- लाइन प्रवाह: ५.२५ / १३३.३ अँपिअर
- इम्पिडन्स: ४.५ टक्के
- लोहहानी: २६० वॅट
- पूर्ण भारावरची ताम्रहानी: १७६० वॅट

## २५.४ नव्हे, ४४

ट्रान्सफॉर्मरच्या गाभ्यातून, म्हणजे पातळ पोलादी पत्र्यांच्या चळतीतून, बदलता चुंबकीय प्रवाह वाहतो. एका पायावर गुंडाळलेल्या दोन्ही वाइंडिंगमधून तोच प्रवाह जातो. त्यामुळे कोणत्याही वाइंडिंगचा कोणताही एक वेढा घेतला, तरी त्यात निर्माण होणारे व्होल्टेज सारखेच असते. वेढे जास्त तिथे व्होल्टेज जास्त, वेढे कमी तिथे कमी; वेढ्यांच्या गुणोत्तराचा नियम तो एवढाच.

यातले 'एका पायावर' हे शब्द महत्त्वाचे आहेत. तीन फेजच्या यंत्रात तीन पाय असतात आणि प्रत्येक पायावर एका फेजचे उच्चदाब व लघुदाब वाइंडिंग असते. म्हणून तुलना करायची ती एका फेजच्या व्होल्टेजची दुसऱ्या बाजूच्या त्याच फेजच्या व्होल्टेजशी. पाटीवरचे ११००० आणि ४३३ हे दोन्ही आकडे लाइन व्होल्टेजचे, म्हणजे दोन तारांमधले आहेत. डेल्टा जोडणीत वाइंडिंग थेट दोन तारांच्या मध्ये बसते, त्यामुळे उच्चदाबाच्या वाइंडिंगला पूर्ण ११००० व्होल्ट मिळतात. स्टार जोडणीत मात्र वाइंडिंग एक तार आणि न्यूट्रल यांच्यामध्ये असते, म्हणून त्याच्या वाट्याला ४३३ भागिले √३, म्हणजे २५० व्होल्ट येतात. ११००० भागिले २५० बरोबर ४४. आकृतीतल्या त्रिकोणाकडे आणि वाय खुणेकडे दुर्लक्ष करणाऱ्याचे उत्तर नेमके √३ पटीने चुकते.

चूक किती मोठी आहे हे वेढे मोजून दिसते. समजा प्रत्येक वेढ्यात ५ व्होल्ट निर्माण होतात. मग लघुदाबाच्या वाइंडिंगला ५० वेढे हवेत आणि उच्चदाबाच्या वाइंडिंगला २२००. एखाद्या कारागिराने २५.४ हे गुणोत्तर धरून लघुदाबाच्या बाजूला ५० च्या जागी ८७ वेढे घातले, तर एका फेजवर ४३५ आणि दोन तारांमध्ये सुमारे ७५३ व्होल्ट येतील. या डीपीवरचा एकही पंप त्या दिवशी संध्याकाळ पाहणार नाही, आणि घरातल्या दिव्यांचे काय होईल हे सांगायलाच नको.

उत्तर पडताळायचे असेल तर प्रवाह घ्यावा. व्होल्टेज ज्या पटीत उतरते त्याच पटीत प्रवाह चढतो. उच्चदाबाचा लाइन प्रवाह ५.२५ अँपिअर आहे, पण डेल्टामध्ये वाइंडिंगमधला प्रवाह त्याच्या √३ पट कमी, म्हणजे ३.०३ अँपिअर असतो. स्टारमध्ये लाइनचा आणि वाइंडिंगचा प्रवाह एकच, म्हणजे १३३.३. आता १३३.३ भागिले ३.०३ हेही ४४ येते. दोन्ही वाटांनी एकच आकडा आला नाही, तर कुठेतरी लाइन आणि फेज यांची सरमिसळ झाली आहे असे खुशाल समजावे.

पंपाला ४१५ आणि घराला २३० च्या आसपास व्होल्टेज लागत असताना पाटीवर ४३३ आणि २५० का, असा प्रश्न इथे पडतो. पाटीवरचे व्होल्टेज भार नसतानाचे असते. भार आला की वाइंडिंगमध्येच काही व्होल्ट खर्च होतात, पुढे तारेत आणखी होतात, आणि शेवटच्या पंपापर्यंत पोचताना हाताशी थोडी शिल्लक असावी म्हणून सुरुवातच वरून केलेली असते. वेढ्यांचे गुणोत्तर काढताना मात्र भार नसतानाचेच आकडे वापरायचे. आकृतीत भारावरचे व्होल्टेज दिले असेल, तर ते गुणोत्तराच्या कामाचे नाही.

## दोन प्रयोग, दोन वॅटमीटर

हानीचे आकडे आकृतीत दोन छोट्या परिपथांच्या रूपाने येतात. एकात ट्रान्सफॉर्मरची एक बाजू उघडी सोडलेली असते, दुसऱ्यात एक बाजू जाड तारेने जोडून टाकलेली असते. पहिला ओपन सर्किट प्रयोग, दुसरा शॉर्ट सर्किट प्रयोग.

ओपन सर्किट प्रयोगात साधारणपणे लघुदाबाच्या बाजूला पूर्ण ४३३ व्होल्ट देतात, कारण प्रयोगशाळेत ११००० व्होल्ट आणण्यापेक्षा ते सोपे आणि सुरक्षित असते. उच्चदाबाची बाजू उघडी असते. व्होल्टेज पूर्ण असल्यामुळे गाभ्यातला चुंबकीय प्रवाहही पूर्ण असतो. हा प्रवाह सेकंदाला पन्नास वेळा उलटसुलट फिरताना पत्र्यांत उष्णता निर्माण होते, तीच लोहहानी. वाइंडिंगमधला प्रवाह जेमतेम दोन-तीन अँपिअर असल्याने तारेतली हानी नगण्य असते. वॅटमीटर दाखवतो ती जवळपास शुद्ध लोहहानी, आपल्या यंत्रात २६० वॅट.

शॉर्ट सर्किट प्रयोगात उलट घडते. लघुदाबाची बाजू जोडून टाकतात आणि उच्चदाबाच्या बाजूला शून्यापासून हळूहळू व्होल्टेज वाढवत नेतात. पाटीवर ४.५ टक्के इम्पिडन्स आहे याचा अर्थ असा, की ११००० च्या ४.५ टक्के, म्हणजे केवळ ४९५ व्होल्ट दिले की वाइंडिंगमधून पूर्ण भाराचा ५.२५ अँपिअर लाइन प्रवाह वाहू लागतो. एवढ्या कमी व्होल्टेजला गाभा जवळजवळ झोपलेलाच असतो. वॅटमीटर आता तारेतली हानी दाखवतो, १७६० वॅट. वाइंडिंग ॲल्युमिनियमचे असले तरी पुस्तके तिला ताम्रहानीच म्हणतात.

आकृती वाचताना इथे दोन ठिकाणी पाय घसरतो. पहिले ठिकाण दोन वॅटमीटरचे. तीन फेजची शक्ती दोन वॅटमीटरांनी मोजतात आणि दोघांच्या वाचनांची बेरीज करतात. ओपन सर्किट प्रयोगात पॉवर फॅक्टर फार कमी असतो. आपल्या यंत्रात उघड्या स्थितीत ३ अँपिअर प्रवाह धरला तर तो ०.१२ च्याही खाली येतो. पॉवर फॅक्टर ०.५ च्या खाली गेला की एका वॅटमीटरचा काटा उलट दिशेला जातो. या उदाहरणात एक मीटर ७७५ आणि दुसरा उणे ५१५ दाखवेल, बेरीज २६०. आकृतीत दुसऱ्या मीटरशेजारी उण्याची बारीक खूण असते किंवा 'वाचनासाठी जोडणी उलटवली' अशी टीप असते. ती सुटली की लोहहानी १२९० वॅट होऊन बसते आणि पुढचा सगळा हिशेब कोसळतो.

दुसरे ठिकाण अँमीटरचे. शॉर्ट सर्किटच्या आकृतीत वॅटमीटरचे वाचन ११२६ आणि अँमीटरचे ४.२ असे दिलेले असू शकते. विद्यार्थी ११२६ हीच पूर्ण भाराची ताम्रहानी धरतात. पण ४.२ हा पूर्ण प्रवाहाच्या ०.८ पट आहे, आणि तारेतली हानी प्रवाहाच्या वर्गाप्रमाणे बदलते. म्हणून ११२६ ला ०.६४ ने भागावे लागते. उत्तर १७६० च्या घरात येते. प्रश्नकर्त्याने अँमीटर काढला आहे तो शोभेसाठी नव्हे.

तापमानाचाही एक धागा आहे. पाटीवरची ताम्रहानी ७५ अंश सेल्सिअस तापमानाची असते, प्रयोग मात्र गार यंत्रावर होतो. तांब्याचा रोध ३० अंशांपेक्षा ७५ अंशांना सुमारे १.१७ पट असतो. म्हणजे पाटीवर १७६० लिहिलेले यंत्र ३० अंशांना १५०० वॅटच्या आसपास दाखवेल. आकृतीत तापमान दिले असेल तर ही दुरुस्ती करायची. दिले नसेल तर ती करत बसू नये.

## अर्धा भार, पाव हानी

दोन हानींचा स्वभाव वेगळा आहे आणि कार्यक्षमतेचे सारे प्रश्न त्या फरकावरच उभे राहतात. लोहहानी वीजबिलातल्या स्थिर आकारासारखी असते: वीज वापरली काय आणि न वापरली काय, ती द्यावीच लागते. व्होल्टेज आणि फ्रिक्वेन्सी कायम असेपर्यंत डीपीवर एक पंप चालू आहे की चौदा, याचा तिच्यावर परिणाम होत नाही. ताम्रहानी मात्र प्रवाहाच्या वर्गावर चालते. भार निम्मा झाला की ती निम्मी न होता पाव होते. १७६० ची ४४० होते.

कार्यक्षमता म्हणजे बाहेर गेलेली शक्ती भागिले आत आलेली शक्ती. आत आलेली शक्ती वेगळी मोजायची गरज नसते. बाहेर गेलेल्या शक्तीत दोन्ही हानी मिळवल्या की ती मिळते. पूर्ण भारावर, ०.८ पॉवर फॅक्टरला बाहेर जातात ८०००० वॅट. हानी २६० अधिक १७६०, म्हणजे २०२०. ८०००० भागिले ८२०२० म्हणजे ९७.५४ टक्के. अर्ध्या भारावर बाहेर ४०००० वॅट, हानी २६० अधिक ४४०, म्हणजे ७००, कार्यक्षमता ९८.२८ टक्के. अर्ध्या भारावर यंत्र अधिक कार्यक्षम ठरते हे पाहून काही विद्यार्थी आपलेच उत्तर खोडतात. खोडू नये, ते बरोबर आहे.

इथली नेहमीची चूक केव्हीए आणि किलोवॅट एकच धरण्याची. बाहेर जाणारी शक्ती १००००० वॅट धरली तर ९८.०२ टक्के येतात. दिसायला आकडा ठीकच वाटतो, पण ते ०.८ पॉवर फॅक्टरचे उत्तर नाही. पंपांचा भार असताना पॉवर फॅक्टर १ धरणे म्हणजे पंपांवर विनाकारण कौतुकाचा वर्षाव करणे आहे. उलट उत्तर ८५ किंवा ९० टक्क्यांवर आले, तर वॅट आणि किलोवॅट यांत दशांशचिन्ह सरकले आहे का ते पाहावे. एवढ्या क्षमतेच्या निरोगी ट्रान्सफॉर्मरची कार्यक्षमता नेहमीच्या भाराला इतकी खाली जात नाही.

अलीकडच्या पाट्यांवर लोहहानी आणि ताम्रहानी वेगळी न देता ५० टक्के आणि १०० टक्के भारावरची एकूण हानी देतात, आणि प्रश्नकर्ते तीच पाटी आकृतीत छापतात. आपल्या यंत्राची अशी पाटी ७०० आणि २०२० वॅट दाखवेल. त्यातून दोन्ही हानी सुट्या करता येतात. पूर्ण भारावर ताम्रहानी पूर्ण, अर्ध्या भारावर पाव. लोहहानी दोन्ही वेळा तीच. म्हणून २०२० मधून ७०० वजा केले की उरणारे १३२० हे ताम्रहानीचे पाऊण असतात. १३२० भागिले ०.७५ म्हणजे १७६०, आणि २०२० वजा १७६० म्हणजे २६०.

भारतीय मानक ११८० च्या २०१४ सालच्या आवृत्तीत १०० केव्हीए यंत्रासाठी पहिल्या पातळीची मर्यादा ५० टक्के भारावर ५२० वॅट आणि पूर्ण भारावर १८०० वॅट अशी आहे. हीच वजाबाकी त्यांवर केली तर लोहहानी ९३ वॅटच्या जवळ येते. मात्र हे आकडे मर्यादा आहेत, एखाद्या यंत्राची मोजलेली वाचने नव्हेत. प्रत्यक्ष यंत्र एका मर्यादेला टेकलेले आणि दुसरीच्या बरेच खाली असू शकते, त्यामुळे मर्यादांवरून काढलेली ९३ वॅट ही त्याची लोहहानी म्हणून लिहिता येत नाही. तरी नव्या यंत्रांत बचतीचा रोख कुठे आहे, हे या वजाबाकीतून दिसते: बचत गाभ्यात आहे.

## वक्राचे शिखर कुठे

काही पेपरांत वाचनांऐवजी वक्र दिलेला असतो: आडव्या अक्षावर भार, उभ्या अक्षावर कार्यक्षमता. ०.८ पॉवर फॅक्टरला आपल्या यंत्राचा वक्र साधारण असा निघतो:

- १० टक्के भार: हानी २७८ वॅट, कार्यक्षमता ९६.६५ टक्के
- ३८.४ टक्के भार: हानी ५२० वॅट, कार्यक्षमता ९८.३४ टक्के
- ५० टक्के भार: हानी ७०० वॅट, कार्यक्षमता ९८.२८ टक्के
- ८० टक्के भार: हानी १३८६ वॅट, कार्यक्षमता ९७.८८ टक्के
- १०० टक्के भार: हानी २०२० वॅट, कार्यक्षमता ९७.५४ टक्के

वक्र झपाट्याने चढतो, ३८ टक्क्यांच्या आसपास शिखर गाठतो आणि मग सावकाश उतरतो. शिखर तिथेच का, हे कॅल्क्युलसशिवायही समजते. दर एकक भारामागे किती हानी होते ते पाहावे. लोहहानीचा वाटा भार वाढेल तसा कमी होतो, कारण तेच २६० वॅट अधिक भारावर विभागले जातात. ताम्रहानीचा वाटा भाराबरोबर वाढतो. एक ज्या पटीत घटतो त्याच पटीत दुसरा वाढतो, म्हणून त्यांचा गुणाकार कायम राहतो. गुणाकार कायम असलेल्या दोन संख्यांची बेरीज सर्वांत कमी होते ती त्या दोन्ही समान असताना. म्हणजे कार्यक्षमता सर्वाधिक तेव्हा, जेव्हा ताम्रहानी लोहहानीइतकी असते. २६० भागिले १७६० चे वर्गमूळ ०.३८४, आणि शिखराचा भार ३८.४ केव्हीए.

या शिखरावर एकूण हानी ५२० वॅट असते. ताम्रहानी २६० झाली हे बरोबर काढून पुढे एकूण हानीही २६० च लिहिणाऱ्या उत्तरपत्रिका थोड्या नसतात. पॉवर फॅक्टर बदलला तर शिखराची उंची बदलते, पण जागा बदलत नाही: पॉवर फॅक्टर १ असताना शिखर ९८.६७ टक्के, तरी तिथला भार ३८.४ केव्हीएच. आकृतीत दोन पॉवर फॅक्टरचे दोन वक्र दिले असतील आणि त्यांची शिखरे एकाच उभ्या रेषेवर नसतील, तर चित्र काढणाऱ्याचा हात हललेला आहे.

वक्रावरून उलटाही प्रवास करता येतो. समजा शिखर ७५ टक्के भारावर दाखवले आहे. मग लोहहानी आणि पूर्ण भाराची ताम्रहानी यांचे गुणोत्तर ०.७५ चा वर्ग, म्हणजे ०.५६२५. त्याच वक्रावर पूर्ण भाराची कार्यक्षमता वाचली की एकूण हानी मिळते आणि तिचे या गुणोत्तरात दोन भाग पाडता येतात.

## पंपाचे तास आणि रात्रीचे तास

शिखर ३८ टक्क्यांवर असणे हा दोष नाही. डीपीवर दिवसाचे सगळे तास पूर्ण भार नसतोच. म्हणून वितरण ट्रान्सफॉर्मरसाठी एका क्षणाच्या कार्यक्षमतेपेक्षा दिवसभराची कार्यक्षमता विचारली जाते: चोवीस तासांत बाहेर गेलेली युनिटे भागिले आत आलेली युनिटे. आकृतीत तेव्हा भाराचा पायऱ्यापायऱ्यांचा आलेख असतो.

उन्हाळी धानाच्या दिवसांतला एक डीपी घ्यावा. पाच अश्वशक्तीचा पंप मोटारीतल्या हानीसह साधारण साडेचार किलोवॅट, म्हणजे ०.८ पॉवर फॅक्टरला साडेपाच केव्हीएच्या आसपास घेतो. असे चौदा पंप एकदम चालू झाले की भार ८० केव्हीएच्या जवळ जातो. समजा तो आठ तास टिकतो. पुढे सहा तास घरांचा २५ केव्हीए भार ०.९ पॉवर फॅक्टरला राहतो आणि उरलेले दहा तास भार जवळपास शून्य असतो.

पंपांच्या तासांत बाहेर जातात ६४ किलोवॅट गुणिले ८, म्हणजे ५१२ युनिट. घरांच्या तासांत २२.५ गुणिले ६, म्हणजे १३५. एकूण ६४७ युनिट. ताम्रहानी प्रत्येक पायरीची वेगळी: ८० टक्के भाराला १.१२६ किलोवॅट गुणिले ८ म्हणजे ९.०१ युनिट, २५ टक्के भाराला ०.११ गुणिले ६ म्हणजे ०.६६ युनिट, शून्य भाराला काही नाही. लोहहानी मात्र २६० वॅट गुणिले २४, म्हणजे ६.२४ युनिट. एकूण हानी १५.९१ युनिट आणि दिवसभराची कार्यक्षमता ९७.६० टक्के. आलेखाचा सरासरी भार काढून त्याच्यावर एकदाच ताम्रहानी मोजणे ही इथली ठरलेली चूक. वर्गाची सरासरी आणि सरासरीचा वर्ग एक नसतात.

लोहहानीला २४ ने गुणण्याआधी आलेखाखालची टीप वाचावी. महाराष्ट्रात शेतीच्या वेगळ्या फीडरवर तीन फेज वीज ठरावीक तासच मिळते. फीडरच बंद असेल तर डीपीच्या गाभ्यालाही व्होल्टेज नसते आणि लोहहानी थांबते. 'भार शून्य' आणि 'पुरवठा बंद' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वरच्या उदाहरणात शेवटचे दहा तास पुरवठाच बंद असेल, तर लोहहानी फक्त १४ तासांची, ३.६४ युनिट, आणि कार्यक्षमता ९७.९८ टक्के. उलट ज्या डीपीला वर्षभर वीज आहे पण भार नाही, तो फक्त गाभा गरम ठेवण्यात वर्षाला सुमारे २२७८ युनिट खर्च करतो.

व्होल्टेज कमी असेल तर हा हिशेब दोन्हीकडून हलतो. लांबच्या फीडरच्या टोकाला व्होल्टेज १० टक्क्यांनी पडले, तर लोहहानी साधारण व्होल्टेजच्या वर्गाप्रमाणे २१० वॅटपर्यंत उतरते. पण पंपाला तेवढेच पाणी उचलायचे असल्याने तो प्रवाह सुमारे ११ टक्के जास्त ओढतो, आणि ताम्रहानी २३ टक्क्यांनी वाढते. ८० टक्के भाराला फायदा ५० वॅटचा, तोटा अडीचशेच्या पुढचा.

## तीन अँमीटर, तीन वेगळे आकडे

आतापर्यंत तिन्ही फेजवर भार सारखा धरला. गावातल्या डीपीवर तसे क्वचितच असते. घरे एकेका फेजवर जोडलेली असतात, आणि एखादी फेज नसताना कंडेन्सर लावून दोन फेजवर पंप चालवण्याची युक्तीही अनेकांना ठाऊक असते. म्हणून काही आकृत्यांत लघुदाबाच्या बाजूला तीन अँमीटर दिसतात. समजा त्यांची वाचने १६०, १०० आणि ६० अँपिअर आहेत.

बेरीज ३२० आणि सरासरी १०६.७. तीही १३३.३ च्या ०.८ पट, म्हणजे एकूण भार पुन्हा ८० केव्हीए. सरासरी घेणारा ताम्रहानी ११२६ वॅट लिहील. ती चूक आहे, कारण हानी प्रत्येक वाइंडिंगमध्ये स्वतंत्रपणे होते. पूर्ण भाराला प्रत्येक फेजच्या वाट्याला १७६० ची एक तृतीयांश, ५८७ वॅट येते. १६० अँपिअरच्या फेजमध्ये त्याची १.४४ पट, ८४५ वॅट. १०० च्या फेजमध्ये ३३०. ६० च्या फेजमध्ये ११९. एकूण १२९४ वॅट, म्हणजे समतोल भारापेक्षा १५ टक्के जास्त. तिन्ही प्रवाहांचा पॉवर फॅक्टर सारखा असेल, तर समतोल भारात शून्य असणाऱ्या न्यूट्रलमधूनही या स्थितीत ८७ अँपिअर वाहतात, आणि त्या तारेतली हानी ट्रान्सफॉर्मरच्या बाहेर असल्याने वरच्या आकड्यात धरलेलीच नाही.

कार्यक्षमतेवर या सगळ्याचा परिणाम तसा किरकोळ दिसतो; ६४ किलोवॅटच्या मागे १६८ वॅटची वाढ म्हणजे पाव टक्का. पण आकृतीत खरोखर पाहायचा आकडा १६० हाच असतो. त्या फेजचे वाइंडिंग पाटीवरच्या १३३.३ अँपिअरपेक्षा २० टक्के जास्त प्रवाह वाहत आहे आणि ४४ टक्के जास्त उष्णता सोसत आहे, तीही एकूण भार क्षमतेच्या ८० टक्केच असताना. डेल्टाच्या बाजूला त्याच पायावरच्या वाइंडिंगमध्ये ३.०३ ऐवजी ३.६४ अँपिअर वाहतात. 'यंत्र अतिभारित आहे का' असा उपप्रश्न आला, तर केव्हीएच्या बेरजेवरून 'नाही' असे उत्तर येते आणि अँमीटरवरून 'होय'. गुण दुसऱ्या उत्तराला मिळतात, आणि डीपी जळतो तोही त्याच कारणाने.